न्यूजलेटर ऑफिसात विस्कटलेलं, फोनवर अर्धवट: वरची ती लिंक दाबायची का?

टॉवेल_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. आमच्या धंद्यातल्या एका संघटनेचं मराठी न्यूजलेटर दर सोमवारी मेलवर येतं. सुताचे भाव, जीएसटीच्या सूचना, परदेशी खरेदीदारांच्या चौकशा असा कामाचा माल असतो त्यात.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक आहे. त्यात हे न्यूजलेटर उघडलं की वर लाल फुलीचे रिकामे चौकोन दिसतात, शेजारी-शेजारी असायला हवेत ते दोन रकाने एकाखाली एक येतात आणि मधे वीतभर मोकळी जागा. तेच घरी फोनवर जीमेलमध्ये उघडलं तर दिसतं झकास, पण अर्ध्यावर संपतं. सुताच्या भावाचा तक्ता शेवटी असतो, नेमका तोच गायब.

मेलच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये पाहा' अशी लिंक आहे. आमचे शेठ म्हणतात, मेलमधली कुठलीच लिंक दाबायची नाही, मागे एकाचं खातं रिकामं झालंय. शेजारच्या युनिटमधला अकाउंटंट म्हणतो, सगळं प्लेन टेक्स्ट करून टाक, कटकट जाईल. नक्की काय करू?

नवीपेठ_नेटवाला

सोपं आहे साहेब. फोटो जड असतात. मेल जड झाला की जीमेल तो मधेच कापतं, आणि आउटलुक फोटो उतरवतच नाही. संघटनेला सांगा फोटो बारीक करून टाका म्हणून, दोन्ही त्रास एकदम मिटतील. तोवर आउटलुकमध्ये वरच्या पट्टीवर Download Pictures दाबा. माझ्या दुकानात रोज दोन-चार जण हेच घेऊन येतात.

मूळची_बाळ्याची

नेटवाल्या दादांचं आउटलुकबद्दलचं अर्धं बरोबर आहे, जीमेलबद्दलचं नाही. मी पुण्यात असते, पण अशा मेलचे साचे बनवण्यातच बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टॉवेल_डिस्पॅच, तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध चालणार नाही.

ऑफिसचा आजार आधी. लाल फुलीचे चौकोन म्हणजे आउटलुकने मुद्दाम अडवलेले फोटो. फोटो पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येतो, आणि तो आला की 'या माणसाने मेल उघडला' हे त्याला कळतं, म्हणून आउटलुक आधी विचारतं. Download Pictures दाबलं की ते सुटतं. पण रकाने विस्कटणं त्याने सुटणार नाही. विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं आउटलुक 2007 सालापासून मेल दाखवायला ब्राउझरचं नव्हे, वर्डचं यंत्र वापरतं. तोच वर्ड, ज्यात तुम्ही पत्र टाइप करता. वेबपानासाठी लिहिलेल्या कितीतरी गोष्टी त्याला कळत नाहीत: रुंदीची कमाल मर्यादा, मागे टाकलेलं चित्र, गोल कोपरे. साचा बनवणाऱ्याने आउटलुकसाठी वेगळी तजवीज केली नसेल तर रकाने घसरतात आणि अशा मोकळ्या जागा पडतात. तुमच्या बाजूने त्यावर इलाज नाही. अशा वेळेसाठीच ती ब्राउझरची लिंक असते. तिथे तोच मजकूर वेबपान म्हणून उघडतो, वर्ड मधे येतच नाही.

घरचा आजार वेगळा. फोनवर जिथे मेल संपतो तिथे बघा, Message clipped असं लिहिलेलं असेल आणि त्याला लागून View entire message. ते दाबा, बाकीचा मेल उघडेल. हे दाबल्यावर तुम्ही संघटनेच्या साइटवर जात नाही, जीमेलच स्वतः पूर्ण मेल दाखवतं. म्हणजे शेठजींची भीती इथे लागू नाही.

टॉवेल_डिस्पॅच

ताई, बरोब्बर! फोनवर तळाला ते होतं, मी आजवर जाहिरात समजून सोडून देत होतो. दाबलं, भावाचा तक्ता आला.

आता ऑफिसच्या लिंकचं. तिच्यावर नुसता बाण नेला तर खाली जो पत्ता दिसतो तो संघटनेच्या नावाचा नाही. भलतंच नाव आणि पुढे हातभर अक्षरं-आकडे. शेठना दाखवलं तर म्हणाले, बघ, मी काय सांगत होतो!

नवीपेठ_नेटवाला

पत्ता वेगळा म्हणजे शंभर टक्के फसवणूक. दाबू नका.

मूळची_बाळ्याची

शंभर टक्के नाही, दादा. संघटना स्वतः मेल पाठवत नाही, पाठवणाऱ्या सेवेकडून पाठवते. ती सेवा प्रत्येक लिंक आपल्या मोजणाऱ्या पत्त्यावरून फिरवते, म्हणजे कोणी काय दाबलं ते मोजता येतं. ती हातभर अक्षरं म्हणजे या माणसाचा आणि या अंकाचा क्रमांक. खऱ्या न्यूजलेटरांतही पत्ता असाच परका दिसतो, म्हणून नुसत्या पत्त्यावरून निकाल देता येत नाही.

मी स्वतः असं बघते. हा अंक अपेक्षित होता का? दर सोमवारी येतो, त्याच पाठवणाऱ्याकडून, गेल्या अंकांसारखाच आहे, मग ठीक. उघडलेल्या पानावर मेलमधलाच मजकूर दिसायला हवा, बाकी काही नाही. पासवर्ड मागितला, लॉगिन करा म्हटलं, काही डाउनलोड करायला लावलं, तर ते पान न्यूजलेटरचं नाही, बंद करायचं. आणि बँकेच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक असेल तर शेठजींचं म्हणणं मी डोळे झाकून मान्य करेन. तिथे आपण स्वतः पत्ता टाइप करून जायचं.

आणखी एक. ती लिंक तुमच्या नावची असते, म्हणून चार जणांच्या ग्रुपवर टाकू नका. त्या पानाच्या तळाला असलेलं Unsubscribe कोणी गमतीने दाबलं तर बहुतेक वेळा तुमचंच नाव यादीतून जातं. तेच पूर्ण मेल पुढे पाठवल्यावरही होतं. लोक मग मला विचारतात, 'मी काहीच केलं नाही, तरी न्यूजलेटर बंद कसं झालं?'

सांगोल्याचे_डाळिंबकाका

ताई, माझंबी असंच हाय. आमच्या बागायतदार मंडळाचं पत्र येतंय, कीड-रोग आणि बाजारभावाचं. उघडलं की मराठीच नाही. सगळं असलं:

```
à¤®à¤°à¤¾
```

पानंच्या पानं असली. नातवानं ब्राउझरची लिंक दाबून दिली, तिथंबी हेच. नातू म्हणाला फोनमध्ये मराठी फॉन्ट नाही. फॉन्ट कुठनं आणायचा? व्हॉट्सअ‍ॅपवर तर मराठी झक्क दिसतंय की ओ.

नवीपेठ_नेटवाला

काका, श्रीलिपी टाकून घ्या. दुकानात या, करून देतो.

मूळची_बाळ्याची

काका, कुठेही जाऊ नका, पैसे घालवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी दिसतंय म्हणजे फोनमध्ये फॉन्ट आहे. फॉन्ट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते, असली चिन्हं नाही.

तुम्ही दिलेलं मी ओळखलं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर साठवताना तीन-तीन बाइटचा गठ्ठा होतो. कोणीतरी तो गठ्ठा इंग्रजी-युरोपी लिपीचा समजून एकेक बाइट वेगळा वाचला की एका 'म'ची तीन चिन्हं होतात: à, ¤ आणि ®. म्हणून तुमच्या पत्रात à¤ ही जोडी सारखी-सारखी येते. ती दिसली की समजायचं, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय.

कुठे चुकलंय ते तुमच्या नातवानेच शोधलंय. ब्राउझरमध्ये नीट आणि मेलमध्येच असं असतं, तर मेलच्या माथ्यावर लिपीची नोंद चुकली, एवढंच. तुमच्याकडे दोन्हीकडे तसंच आहे, म्हणजे मंडळाच्या संगणकावर मजकूर साच्यात टाकतानाच बिघडला आणि बिघडलेलाच सगळ्यांना गेला. लिंक दाबून, फोन बदलून काही होणार नाही. मंडळाला कळवा, तेही पडद्याचा फोटो काढून. नुसतं 'दिसत नाही' म्हटलं तर ते तुम्हालाच फॉन्ट टाकायला सांगतील.

मराठीच्या जागी नुसती ???? आली असती तर प्रकरण आणखी बिकट होतं. तिथे मूळ अक्षरं पुसलेलीच असतात, परत काढता येत नाहीत, पुन्हा टाइप करून पाठवावं लागतं.

पेन्शनर_जुळे_सोलापूर

प्लेन टेक्स्टचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी सरकारी नोकरीतून निवृत्त, जुना कॉम्प्युटर, थंडरबर्ड वापरतो. View मध्ये Message Body As आहे, तिथे Plain Text निवडून ठेवलंय. फोटो नाहीत, रंग नाहीत, अक्षर मला हवं तेवढं मोठं. डोळ्यांना फार बरं वाटतं. ज्या मेलमध्ये à¤ असलं येतं तिथे View मध्येच Repair Text Encoding आहे, त्याने माझे काही मेल सुधारले, काही नाही सुधारले.

पण टॉवेलवाल्या भाऊंना सल्ला देण्याआधी सांगतो, त्यांच्या भावाच्या तक्त्याचं प्लेन टेक्स्टमध्ये भरीत होईल. माझ्याकडे एका बचत योजनेचं पत्र येतं, त्यातला व्याजदराचा तक्ता असा उतरतो की आधी सगळी नावं एकाखाली एक, मग सगळे आकडे एकाखाली एक. कोणता आकडा कोणाचा, लावा जुळणी! तक्ता बघायचा असेल तेव्हा मी Original HTML वर जातो, बघतो, परत येतो.

आणि काही महाभाग तर साध्या मजकुराच्या जागी एकच ओळ ठेवतात: 'हा मेल पाहण्यासाठी ब्राउझरमध्ये उघडा.' म्हणजे जेवायला बोलावून खानावळीचा पत्ता देणं.

मूळची_बाळ्याची

पेन्शनर काका, तक्त्याचं अगदी खरं आहे.

मेलमध्ये बहुधा एकाच मजकुराच्या दोन प्रती एकत्र येतात, आधी साधी, मग सजवलेली. वाचणारं अ‍ॅप त्यातली एक दाखवतं. जीमेलमध्ये साधी प्रत वाचण्याचं बटणच नाही. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांत Show original दाबलं की आतला कच्चा माल दिसतो, आणि साधी प्रत आहे की नाही ते या दोन ओळींवरून कळतं:

```
Content-Type: text/plain; charset="UTF-8"
Content-Type: text/html; charset="UTF-8"
```

पहिली ओळ नसेल तर पाठवणाऱ्याने साधी प्रत दिलेलीच नाही. असेल तर तिच्याखालचा मराठी मजकूर बहुतेक सांकेतिक रूपात असतो, तिथे वाचायला जाऊ नका.

टॉवेल_डिस्पॅच, वेळ असेल तर तुमच्या अंकाचं Show original उघडा आणि दुसऱ्या ओळीच्या खाली काय दिसतं ते जरा इथे टाका. मला एक शंका आहे.

टॉवेल_डिस्पॅच

साधी प्रत आहे असं दिसतंय. दुसऱ्या ओळीच्या खाली सगळं असलं आहे, पानंच्या पानं:

```
सोलापूर
```

मूळची_बाळ्याची

हीच शंका होती! तुम्ही जे टाकलंत ते 'सोलापूर' आहे.

नेटवाले दादा, तुमचं फोटोचं आता बघू. जीमेल मेल कापतं ते त्यातला एचटीएमएल कोड साधारण 102 केबीच्या वर गेला की. त्या कोडात फोटोचा फक्त पत्ता असतो, फोटो बाहेरून येतो. त्यामुळे फोटो पाच एमबीचा असो की पन्नास केबीचा, कापण्याशी त्याचा संबंध नाही. वजन अक्षरांचं होतं.

आता 'सोलापूर' मोजा. इंग्रजीत Solapur लिहिलं तर सात अक्षरं, सात बाइट. मराठीत काना-मात्रा सुटे धरले तर स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र, हेही सातच. पण प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे 21. इथवर ठीक, ते मराठीच्या नशिबातच आहे. तुमच्या संघटनेचा साचा मात्र मराठी अक्षर सरळ ठेवत नाही, प्रत्येकाचा असा `स` आकडा करून ठेवतो. त्यात सात खुणा, म्हणजे सात बाइट. साताचे सात, 49. गावाचं नाव एकदा लिहायला इंग्रजीच्या सातपट जागा.

एका अंकात समजा दहा हजार अक्षरं आहेत. सरळ ठेवली तर 30 केबी, आकडे करून 70 केबी. साच्याचा कोड 45 केबी धरा, एवढा सहज असतो. सरळ अक्षरांचा मेल 75 वर थांबतो आणि पूर्ण दिसतो. आकड्यांचा 115 वर जातो आणि जीमेल शेपूट कापतं. तुमचा भावाचा तक्ता त्या शेपटात होता. इंग्रजी न्यूजलेटर एवढ्याच लांबीचं असूनही सहसा कापलं जात नाही, ते यामुळे.

नवीपेठ_नेटवाला

हे नवीन कळलं, मान्य. पण फोटो बारीक केलेला बराच की, नेट स्लो असेल तर?

मूळची_बाळ्याची

त्यासाठी हो, जरूर करावा. पण कापण्यासाठी नाही.

वाचनालय_कार्यवाह

मी पाठवणाऱ्यांच्या गटातला. आमच्या वाचनालयाचं मासिक पत्र मीच तयार करतो, मेलचिंपवरून जातं. हा धागा वाचून आमचं पत्र तपासलं. ब्राउझरची लिंक अगदी तळाला आहे, आणि मेल कापला गेला तर ती लिंकच कापली जाणार!

दुसरं, आमचे जुने लेख प्रेसकडून श्रीलिपीत येतात. पेस्ट केलं की माझ्याकडे नीट दिसतं, वाचकांकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी. एका सभासदाने विचारलं, हे कुठल्या भाषेत आहे?

मूळची_बाळ्याची

लिंक सगळ्यात वर आणा. मेलचिंपमध्ये तिच्यासाठी ही खूण आहे, बाकी ते स्वतः बघतं:

```
<a href="*|ARCHIVE|*">ब्राउझरमध्ये पाहा</a>
```

तळाला फक्त लिंकच कापली जात नाही. मेल किती जणांनी उघडला हे मोजणारं अदृश्य चित्र बहुधा तळालाच असतं, तेही जातं. कमिटीत 'लोक वाचत नाहीत' म्हणून वाद होत असेल तर आधी हे बघा.

श्रीलिपीचं म्हणजे, ती जुनी पद्धत पडद्यावर मराठी दाखवते पण आत इंग्रजी अक्षरंच ठेवते. तुमच्याकडे फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं. मेलमध्ये, ब्राउझरमध्ये, साध्या प्रतीत, सगळीकडे खिचडीच जाणार. युनिकोडमध्ये बदलून मगच पेस्ट करा, आणि बदलल्यावर रफार-जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे घोटाळे राहतात.

साधी प्रत सेवा आपोआप बनवते. एकदा तरी उघडून वाचा. पेन्शनर काकांसारखे वाचक तीच वाचतात. तक्ता असेल तर तिथे हाताने 'वस्तू: भाव' अशा एकेक ओळी करा.

पेन्शनर_जुळे_सोलापूर

कार्यवाह, तुमच्या पत्रात पुस्तकांच्या नावांमध्ये दोन-दोन ओळी लांब पत्ते येतात, तेही जरा कमी करा. मी तुमचाच सभासद आहे.

वाचनालय_कार्यवाह

नोंद घेतली, सर.

टॉवेल_डिस्पॅच

कळवायला आलो. ताईंनी लिहिलेलं जसंच्या तसं संघटनेच्या ऑफिसला पाठवलं. तिथल्या मुलाने साच्यात काहीतरी सेटिंग बदललं म्हणे. या सोमवारचा अंक फोनवर तळापर्यंत एकसंध आला, Message clipped नाही.

आउटलुक मात्र आहे तसंच. रकाने अजून एकाखाली एक. साचा विकत घेतलेला आहे, त्याला हात लावता येत नाही असं तो म्हणाला. शेठना ब्राउझरचं पान माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं, पासवर्ड-बिसवर्ड काही मागत नाही हे त्यांनी स्वतः बघितलं. आता दर सोमवारी त्याच पानाची प्रिंट टेबलावर हवी म्हणतात! प्रिंटमध्ये उजवा रकाना थोडा कापला जातो, तो आडवा कागद घेतल्यावर बसला.

एक विचारायचं राहिलं. तीन महिन्यांपूर्वीच्या अंकाची लिंक दाबली तर पान उघडलं नाही. ती लिंक किती दिवस चालते?

मूळची_बाळ्याची

सगळीकडे एक नियम नाही. काही सेवा वर्षानुवर्षं ठेवतात, काही थोड्या दिवसांनी काढतात, पाठवणाऱ्याने अंक पुसला तरी जातं. भाव मागे जाऊन बघायला लागत असतील तर प्रिंट काढतानाच पीडीएफ करून ठेवा. तीन महिन्यांपूर्वीचा मेल स्वतः अजून असेल तर जीमेलमध्ये View entire message चालेल, ते संघटनेच्या पानावर अवलंबून नाही.

आउटलुकच्या रकान्यांचं मला साचा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. विकतच्या साच्यांत आउटलुकसाठीचा भाग बहुतेक असतो. तो कोणी मजकूर टाकताना उडवला का, हे त्या मुलाला विचारा.

सांगोल्याचे_डाळिंबकाका

फोटो पाठवला मंडळाला. त्यांचं उत्तर आलंय, पण तेबी à¤ मध्येच आलंय.